बेसिससाठी एकच चाळणी: कुठे छाटायचे, कुठे वाढवायचे

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव आणि वास्को ही गोव्यातली पाच शहरे घ्या. समजा प्रत्येक शहरात सर्व्हेयरने एक पक्की खूण रोवून ठेवली आहे आणि यातली कोणती खूण कोणत्या खुणेपेक्षा किती उंच आहे ते काढायचे आहे. लेव्हलिंगच्या यंत्राने खुणेची उंची थेट कळत नाही, दोन खुणांमधला फरक कळतो. टप्प्याटप्प्याने स्टाफ, म्हणजे उभी धरलेली मोजपट्टी, वाचत एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायचे आणि शेवटी नोंद करायची की फोंड्याची खूण पणजीच्या खुणेपेक्षा इतके मीटर वर किंवा खाली आहे. अशा सात मोजण्यांची यादी कोणीतरी तयार केली आहे:

१. म्हापसा ते पणजी
२. पणजी ते फोंडा
३. म्हापसा ते फोंडा
४. फोंडा ते मडगाव
५. पणजी ते मडगाव
६. मडगाव ते वास्को
७. पणजी ते वास्को

आता दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की सातही मोजण्या करायलाच हव्यात का, आणि नसतील तर कोणत्या गाळल्या तरी सगळे फरक काढता येतील? दुसरा असा की समजा सातवी आणि तिसरी मोजणी आधीच झालेली आहे आणि तो खर्च वाया घालवायचा नाही, तर त्या दोन्ही धरून पुढे आणखी कोणत्या कराव्यात? रेषीय बीजगणितात या दोन प्रश्नांना दोन वेगळी प्रमेये आहेत. पहिले सांगते की संपूर्ण अवकाश व्यापणाऱ्या कोणत्याही सान्त संचाला छाटून त्यातून बेसिस मिळवता येतो. दुसरे सांगते की कोणताही स्वतंत्र संच वाढवून बेसिस करता येतो. बी.एस्सी.ची मुले ही दोन प्रमेये दोन वेगळ्या सिद्धतांसह पाठ करतात आणि परीक्षेत कुठे कोणते लावायचे यात अडकतात. माझ्या मते ती एकाच कृतीची दोन रूपे आहेत, आणि ती कृती एकदा हातात बसली की दुसरे प्रमेय वेगळे शिकावे लागत नाही.

आधी मोजण्यांना व्हेक्टरचे रूप देऊ. पाच शहरांचा क्रम म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, वास्को असा ठरवून टाकू. प्रत्येक मोजणी म्हणजे पाच आकड्यांची ओळ: जिथून निघालो तिथे −१, जिथे पोचलो तिथे १, बाकी ठिकाणी शून्य. पहिली मोजणी होते (−१, १, ०, ०, ०), दुसरी (०, −१, १, ०, ०) आणि तिसरी (−१, ०, १, ०, ०). पहिल्या दोन ओळी बेरजेने एकत्र केल्या की तिसरी मिळते. खुणांच्या भाषेतही तेच दिसते. म्हापशापासून पणजी किती वर आणि पणजीपासून फोंडा किती वर हे कळले, की म्हापशापासून फोंडा किती वर हे बसल्या जागी काढता येते.

काही व्हेक्टरांना हव्या त्या आकड्यांनी गुणून आणि एकत्र बेरीज करून जे जे मिळू शकते, त्या सगळ्याला त्यांचा स्पॅन म्हणतात. इथे स्पॅन म्हणजे हातातल्या मोजण्यांवरून काढता येणारे सगळे फरक. यादीतला एखादा व्हेक्टर बाकीच्यांच्या स्पॅनमध्येच असेल, तर ती यादी परावलंबी. असा एकही नसेल तर ती स्वतंत्र. जी यादी स्वतंत्र आहे आणि पूर्ण अवकाशही व्यापते, ती त्या अवकाशाचा बेसिस. आपले अवकाश म्हणजे सात मोजण्यांवरून काढता येणारे सगळे फरक. सातही मोजण्या मिळून ते व्यापतात हे उघड आहे, पण त्या स्वतंत्र नाहीत हेही आत्ताच दिसले.

आता ती कृती पाहू. तिला मी चाळणी म्हणतो. यादी ठरावीक क्रमाने लिहा आणि डावीकडून उजवीकडे एकेक व्हेक्टर हातात घ्या. प्रत्येक वेळी एवढेच विचारा: हा व्हेक्टर आतापर्यंत ठेवलेल्यांच्या स्पॅनमध्ये आहे का? असेल तर गाळा, नसेल तर ठेवा. यादी संपली की थांबा.

आपल्या यादीवर चालवून पाहू. पहिली मोजणी ठेवली, कारण अजून काहीच ठेवलेले नाही आणि ती शून्य व्हेक्टरही नाही. दुसरी ठेवली, कारण फोंड्याच्या जागचा आकडा पहिलीत शून्य आहे, तिला कितीने गुणले तरी तो १ होणार नाही. तिसरी म्हणजे पहिली अधिक दुसरी, म्हणून गाळली. चौथीत मडगाव पहिल्यांदा येते, म्हणून ठेवली. पाचवी म्हणजे पणजी ते मडगाव, म्हणजेच दुसरी अधिक चौथी, म्हणून गाळली. सहावीत वास्को पहिल्यांदा येते, ठेवली. सातवी पणजी ते वास्को: पणजी ते फोंडा, फोंडा ते मडगाव, मडगाव ते वास्को, म्हणजे दुसरी, चौथी आणि सहावी यांची बेरीज, म्हणून गाळली. हातात राहिल्या पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी, अशा चार मोजण्या.

या चार मोजण्यांचा बेसिस होतो असे म्हणायचे तर दोन गोष्टी पटायला हव्यात. पहिली, गाळल्यामुळे काही हरवलेले नाही. जो व्हेक्टर गाळला तो ठेवलेल्यांपासून बनत होता, म्हणून त्याच्यासह जे जे बनत होते ते त्याच्याशिवायही बनते. प्रत्येक पायरीवर स्पॅन जसाच्या तसा राहतो, आणि म्हणून शेवटीही तो सातही मोजण्यांचाच स्पॅन आहे. दुसरी, जे उरले ते स्वतंत्र आहे. समजा ते परावलंबी असते. मग उरलेल्यांचे काहीतरी नाते असते, म्हणजे काहींना आकड्यांनी गुणून बेरीज शून्य येत असती आणि ते सगळे आकडे शून्य नसते. त्या नात्यात ज्याचा गुणक शून्य नाही असा सर्वात उजवीकडचा व्हेक्टर घ्या. समीकरण फिरवले की तो आपल्या आधीच्या ठेवलेल्या व्हेक्टरांपासून बनतो असे निघते. पण तसे असते तर त्याच्या पाळीला आपण त्याला गाळलेच असते. म्हणून असे नाते असू शकत नाही. पूर्ण सिद्धता एवढीच आहे, आणि ‘सर्वात उजवीकडचा’ हे शब्द तिचा कणा आहेत.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो: “सर, पहिली, दुसरी आणि तिसरी, तिन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. मग तिन्ही गाळायच्या ना?” हा प्रश्न चांगला आहे, कारण चूक नेमकी कुठे होते ते तो दाखवतो. तिसरी म्हणजे पहिली अधिक दुसरी, हे खरे. पहिली म्हणजे तिसरी वजा दुसरी, हेही खरे. तिघींपैकी प्रत्येकीला ‘बाकीच्यांवरून निघते’ असा शिक्का मारता येतो. पण तिन्ही एकदम काढल्या तर म्हापशाचा उरलेल्या चार शहरांशी संबंधच तुटतो, कारण म्हापसा फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीत आहे. तुलना संपूर्ण यादीशी करायची नसते, फक्त आधी ठेवलेल्यांशी करायची असते. तसे केले की एका नात्यापायी एकच व्हेक्टर जातो.

आणखी एक चूक तितकीच सर्रास होते: जोड्या तपासून समाधान मानणे. पहिली, दुसरी आणि तिसरी यांपैकी कोणत्याही दोन घ्या, एक दुसरीच्या पटीत नाही. तरी तिघी मिळून परावलंबी आहेत. दोन व्हेक्टरांसाठी पट तपासणे पुरते. तिसरा आला की तो आधीच्या दोघांच्या मिश्रणातून बनतो का हेच विचारावे लागते.

आता क्रम बदलून पाहा. त्याच सात मोजण्या ७, ५, २, १, ३, ४, ६ अशा लिहा. सातवीत वास्को, पाचवीत मडगाव, दुसरीत फोंडा आणि पहिलीत म्हापसा प्रथमच येते, म्हणून चारही राहतात. त्यानंतर तिसरी, चौथी आणि सहावी तिन्ही गळतात, कारण कोणत्याही दोन शहरांतला फरक आता पणजीवरून जाऊन काढता येतो. हा बेसिस आधीच्यापेक्षा वेगळा आहे. पहिला म्हापशापासून पणजी, फोंडा, मडगाव करत वास्कोपर्यंत जाणारी साखळी होता, तर दुसऱ्यात प्रत्येक मोजणीचे एक टोक पणजीत आहे. अवकाश तेच आणि संख्याही तीच, चार. कोण राहणार हे मात्र आपण लावलेल्या क्रमाने ठरवले. जो आधी उभा आहे त्याला झुकते माप मिळते. या गोष्टीचा उपयोगही होतो. मोजण्या कमी खर्चाच्या आधी आणि जास्त खर्चाच्या नंतर अशा लावून चाळणी चालवली, तर मिळणारा बेसिस सर्वांत स्वस्त असतो. शहरे आणि रस्त्यांच्या जाळ्यासाठी जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये मांडलेली प्रसिद्ध रीत हीच आहे. रस्त्यांचे जाळे आणि व्हेक्टरांचे अवलंबित्व यांच्यातले हे साम्य हॅस्लर व्हिटनी यांनी त्याआधी, १९३५ मध्येच, मेट्रॉइड या कल्पनेत पकडले होते.

क्रमाला एवढे महत्त्व आहे हे कळले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ हातात आलेच. सातवी आणि तिसरी मोजणी झालेली आहे आणि ती टाकायची नाही. मग त्या दोघींना रांगेत सर्वात पुढे उभे करा आणि त्यांच्यामागे बाकीची यादी लावा: ७, ३, १, २, ४, ५, ६. आता तीच चाळणी चालवा. सातवी राहते. तिसरीही राहते, कारण म्हापसा आणि फोंडा या दोन्ही जागा सातवीत शून्य आहेत. पहिली म्हापसा ते पणजी: तिसरी म्हापसा आणि फोंड्याला जोडते, सातवी पणजी आणि वास्कोला, पण या दोन गटांमध्ये अजून काहीच दुवा नाही. म्हणून पहिली राहते. दुसरी म्हणजे तिसरी वजा पहिली, गाळली. चौथीत मडगाव नवे आहे, राहते. पाचवी पणजी ते मडगाव: पणजीहून उलट म्हापशाला, तिथून फोंडा, तिथून मडगाव, म्हणजे तिसरी वजा पहिली अधिक चौथी, गाळली. सहावीही गाळली, कारण मडगावहून फोंडा, म्हापसा आणि पणजी करत वास्कोपर्यंत पोचता येते. उरल्या ७, ३, १, ४.

पुढे उभ्या केलेल्या दोन मोजण्या का गळल्या नाहीत? कारण त्या आपसांत स्वतंत्र होत्या आणि चाळणी प्रत्येकाला फक्त आधीच्या व्हेक्टरांशी तपासते. स्वतंत्र संच रांगेच्या सुरुवातीला असेल तर त्यातला एकही व्हेक्टर गळणे शक्य नाही. रांगेचा शेपूट मात्र पूर्ण अवकाश व्यापतो, म्हणून चाळल्यावर जे उरते तेही व्यापते. संच वाढवण्याचे प्रमेय हे असे: स्वतंत्र संच पुढे, व्यापणारा संच मागे, आणि चाळणी. वाढवणे म्हणजे पुढच्या जागा राखून केलेली छाटणीच.

परीक्षेत बहुधा व्यापणारा संच दिलेला नसतो. ‘हे दोन स्वतंत्र व्हेक्टर वाढवून बेसिस करा’ एवढेच लिहिलेले असते. तिथे प्रमाण बेसिस मागे लावायचा, म्हणजे एका जागी १ आणि बाकी शून्य असलेले व्हेक्टर. आपल्याच उदाहरणात हे करून पाहण्यासारखे आहे, कारण त्यातून एक खरी गोष्ट कळते. पाच आकड्यांच्या सगळ्या ओळींचे अवकाश घ्या. चार फरक स्वतंत्र आहेत, पण ते हे मोठे अवकाश व्यापत नाहीत. प्रत्येक फरकाच्या ओळीतल्या पाच आकड्यांची बेरीज शून्य येते, म्हणून त्यांच्या कोणत्याही मिश्रणाचीही शून्यच येणार. मागे (१, ०, ०, ०, ०) लावा. त्याची बेरीज १ आहे, म्हणून तो फरकांपासून बनत नाही आणि राहतो. त्यानंतर (०, १, ०, ०, ०) येतो. तो म्हणजे (१, ०, ०, ०, ०) अधिक म्हापसा ते पणजी हा फरक, म्हणून गळतो, आणि त्याच्या मागचे तिघेही तसेच गळतात. सर्व्हेयरच्या भाषेत सांगायचे तर चार फरकांना फक्त एका बेंचमार्कची जोड हवी, समुद्रसपाटीपासून ज्याची उंची आधीच माहीत आहे अशी एक खूण. दुसऱ्या बेंचमार्कने नवे काही कळत नाही. कितीही फरक मोजले तरी पहिल्याशिवाय एकाही शहराची खरी उंची कळत नाही.

प्रत्येक वेळी चारच का उरले, हा प्रश्न एव्हाना पडला असेल. वेगळ्या क्रमाने तीन किंवा पाच का उरू नयेत? याचे उत्तरही चाळणीतूनच मिळते. समजा एक स्वतंत्र संच आहे आणि दुसरा व्यापणारा. स्वतंत्र संचातला एक व्हेक्टर उचलून व्यापणाऱ्या यादीच्या तोंडाशी ठेवा. व्यापणारी यादी त्यालाही बनवू शकत होती, म्हणून आता यादी परावलंबी झाली आणि चाळणीत कोणीतरी गळणारच. तोंडाशी ठेवलेला गळत नाही, म्हणून जुन्या यादीतला निदान एक तरी गळतो. यादी अजूनही व्यापते. आता स्वतंत्र संचातला दुसरा व्हेक्टर तोंडाशी ठेवा. पुन्हा कोणीतरी गळेल, आणि तोंडाशी असलेले दोघे आपसांत स्वतंत्र असल्यामुळे तो जुन्यांपैकीच असेल. दर नव्यामागे एक जुना जातो. म्हणून स्वतंत्र संचातले व्हेक्टर व्यापणाऱ्या संचातल्यांपेक्षा कधीच जास्त असू शकत नाहीत. दोन बेसिस घ्या: पहिला स्वतंत्र आणि दुसरा व्यापणारा मानला तर पहिल्याची संख्या दुसऱ्याएवढी किंवा कमी येते, आणि भूमिका उलटल्या की दुसऱ्याची पहिल्याएवढी किंवा कमी. म्हणजे दोन्ही सारख्याच. हा अदलाबदलीचा युक्तिवाद अर्न्स्ट श्टाइनिट्झ यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांनी तो १९१३ च्या एका लेखात मांडला. बेसिसमधल्या या ठरलेल्या संख्येलाच डायमेन्शन म्हणतात.

इथे एक अट सांगितलीच पाहिजे. चाळणीसाठी व्यापणारी यादी सान्त हवी, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणे संपतच नाही. अनंत मितीच्या अवकाशालाही बेसिस असतो हे सिद्ध करता येते, पण त्यासाठी झॉर्नची प्रमेयिका हे वेगळे हत्यार लागते आणि तो बेसिस बहुधा लिहून दाखवता येत नाही. म्हणून फलनांच्या अवकाशात काम करणारे लोक अनंत बेरजांना परवानगी देणारी वेगळी मांडणी वापरतात. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये यादृच्छिक फलने सोप्या, परस्परलंब फलनांच्या बेरजेत मांडण्याची जी रीत दिली, ती याच दुसऱ्या जगातली आहे. तिथे बेसिस या शब्दाचा अर्थ या लेखातल्यापेक्षा वेगळा असतो.

मोजण्यांच्या उदाहरणात ‘स्पॅनमध्ये आहे का’ हे नकाशाकडे पाहून कळत होते. साधे आकडे असतील तर तसे दिसत नाही, तिथे ओळींची उकल करावी लागते. तीन आकड्यांचे चार व्हेक्टर घ्या: अ = (१, २, १), ब = (२, ४, २), क = (०, १, १), ड = (१, ३, २). त्यांना उभ्या स्तंभांत त्याच क्रमाने लिहा. यांच्या स्पॅनपासून पूर्ण त्रिमितीय अवकाशापर्यंत वाढवायचे असल्यामुळे मागे (१, ०, ०) हा पाचवा स्तंभ लावू. आडव्या ओळी अशा होतात: (१, २, ०, १, १), (२, ४, १, ३, ०), (१, २, १, २, ०). दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करा, तिसरीतून पहिली वजा करा, आणि मग नव्या तिसरीतून नवी दुसरी वजा करा. मिळते (१, २, ०, १, १), (०, ०, १, १, −२), (०, ०, ०, ०, १). प्रत्येक ओळीतला पहिला शून्येतर आकडा म्हणजे पिव्हट. पिव्हट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या स्तंभात आहेत. म्हणून अ, क आणि (१, ०, ०) राहतात, ब आणि ड गळतात. डावीकडून उजवीकडे केलेली चाळणी ती हीच: ज्या स्तंभात पिव्हट नाही तो आपल्या डावीकडच्यांपासून बनतो.

आता सर्वात महाग पडणारी चूक. पिव्हट कुठे आहेत हे उकललेल्या रूपातून वाचायचे, पण व्हेक्टर मूळ यादीतून उचलायचे. पुष्कळ जण उकललेल्या रूपातलेच स्तंभ लिहून देतात. वरच्या उदाहरणात अ, ब, क आणि ड यांच्या स्पॅनचा बेसिस म्हणून ते (१, ०, ०) आणि (०, १, ०) लिहितील. हे चुकीचे आहे, आणि ते लगेच ओळखता येते. मूळ चारही व्हेक्टरांमध्ये मधला आकडा पहिल्या आणि तिसऱ्याच्या बेरजेइतका आहे: २ = १ + १, ४ = २ + २, १ = ० + १, ३ = १ + २. त्यांच्या कोणत्याही मिश्रणातही तसेच राहणार. (१, ०, ०) मध्ये मधला आकडा ० आहे आणि बाजूच्यांची बेरीज १, म्हणजे तो त्या स्पॅनमध्येच नाही. ओळींची उकल स्तंभांमधली नाती जपते, स्तंभ स्वतः मात्र बदलून जातात. म्हणून बरोबर बेसिस अ आणि क हाच. उत्तर लिहिल्यावर ते दिलेल्या व्हेक्टरांपैकीच आहेत ना, एवढी एक नजर टाकली तरी ही चूक सापडते.

संगणकावर तपासायचे असेल तर पायथनमधले सिम्पाय पूर्णांकांवर अचूक गणित करते:

```
from sympy import Matrix
A = Matrix([[1, 2, 0, 1, 1],
            [2, 4, 1, 3, 0],
            [1, 2, 1, 2, 0]])
print(A.rref()[1])
```

उत्तर `(0, 2, 4)` असे येते. स्तंभांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून हे पहिला, तिसरा आणि पाचवा स्तंभच झाले.

मोजलेल्या, दशांश चिन्हाच्या आकड्यांवर मात्र ‘आहे का नाही’ हा प्रश्न इतका स्वच्छ राहत नाही. (१, १) आणि (१, १.०००१) हे दोन व्हेक्टर स्वतंत्र आहेत, चाळणी दोन्ही ठेवेल आणि सिद्धतेत काही खोट नाही. पण त्यांच्यापासून (०, १) बनवायचा तर दुसऱ्यातून पहिला वजा करून १०,००० ने गुणावे लागते. मोजमापातली बारीकशी चूकही मग तेवढ्याच पटीने फुगते. अशा ठिकाणी क्रम बदलून एकमेकांपासून जास्त दूर असलेले व्हेक्टर पुढे घेणे शहाणपणाचे. चाळणी बेसिस देईल, पण तो कामाला चांगला आहे की नाही हे ती सांगत नाही.

शेवटी गाळलेल्यांबद्दल, कारण पुस्तकात त्यांना कोणी विचारत नाही. सातपैकी चार ठेवल्या, तीन गाळल्या. प्रत्येक गाळलेली मोजणी स्वतःबरोबर एक नाते घेऊन जाते. तिसरीचे नाते: पहिली अधिक दुसरी वजा तिसरी बरोबर शून्य. नकाशावर ही म्हापसा, पणजी, फोंडा आणि परत म्हापसा अशी फेरी आहे. पाचवीचे नाते दुसरी अधिक चौथी वजा पाचवी, म्हणजे पणजी, फोंडा, मडगाव आणि परत पणजी. सातवीचे नाते पणजीहून फोंडा, मडगाव, वास्को आणि परत पणजी असे मोठे आहे. पण त्यातून पाचवीचे नाते वजा केले की पाचवी अधिक सहावी वजा सातवी, म्हणजे पणजी, मडगाव, वास्को ही आटोपशीर फेरी मिळते. इतर कोणतीही फेरी या तिघींपासून बनते. म्हापसा, फोंडा, मडगाव, पणजी, म्हापसा ही मोठी फेरी दुसऱ्या फेरीतून पहिली वजा केली की मिळते, आणि तसे करताना पणजी ते फोंडा ही दुसरी मोजणी दोन्हींत असल्यामुळे कटून जाते.

म्हणून जाणता सर्व्हेयर जास्तीच्या मोजण्या फेकून देत नाही. कागदावर फेरीची बेरीज शून्य असते, पण प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांची क्वचितच येते. जो फरक उरतो त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. समजा म्हापसा, पणजी, फोंडा या फेरीत ४ सेंटिमीटरची क्लोजिंग एरर आली, पणजी, फोंडा, मडगाव या फेरीतही त्याच दिशेने ४ सेंटिमीटर आली, आणि पणजी, मडगाव, वास्को ही फेरी जवळजवळ शून्यावर बंद झाली. मग वरची मोठी फेरी, दुसरी वजा पहिली, शून्यावर बंद होणारच. तिच्यात पहिली, तिसरी, चौथी आणि पाचवी या मोजण्या आहेत, आणि पाचवी, सहावी, सातवी तर तिसऱ्या फेरीत जुळलेल्याच आहेत. ज्या दोन फेऱ्या बिघडल्या त्या दोन्हींत एकच मोजणी समान आहे, पणजी ते फोंडा, आणि पुन्हा करायची ती आधी तीच. फक्त बेसिसच्या चार मोजण्या केल्या असत्या तर एकही फेरी झाली नसती, आणि तेच ४ सेंटिमीटर कोणाच्या लक्षातही न येता फोंडा, मडगाव आणि वास्को या तिन्हींच्या उंचीत जाऊन बसले असते.